शंका आणि डाउट

बापूरावभाऊ माझ्या लॅपटॉपकडे असे पाहून राह्यले होते, जसं मी त्यांच्या डोळ्यासमोर त्यांच्या पोरीचा खिसा कापून राह्यली.

"बाई, हे 'रिस्पेक्टेड मॅडम' काऊन काढलं?"

"भाऊ, तिकडे कोणी असं लिहीत नाई. 'डिअर डॉक्टर प्राइस' पुरे आहे."

"आन् हे 'आय बेग टू स्टेट'?"

"बेग म्हणजे भीक मागणं. तुमची पोरगी भीक मागून राह्यली काय?"

त्यांची नजर काही हटली नाई. चहा निवून गेला, एक घोट घेतला नाई त्यांनी. मले राग आला. मी स्वतःहून गेल्ती काय त्यांच्या घरी, की आणा तुमचा ईमेल, मी कापते? पोरगी माझी विद्यार्थिनी. दहावीपासून माझ्यापाशी इंग्रजी शिकली. ती आली, "बाई, पाहून द्या ना" म्हणली, म्हणून बसली मी. आता तिच्यासंगं तिचा बाप पहारा द्याले आला, तर त्याले मी काय करू?

मी वच्छला. घुग्घुसच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्या गल्लीत कोणाचाबी इंग्रजीतला कागद असला की तो फिरत फिरत माझ्या ओट्यावर येते. बँकेचं असो, पासपोर्टचं असो, की दुबईच्या नोकरीचं. आता बापूरावभाऊच्या पोरीचा, संघप्रियाचा, ईमेल आला होता. तो मात्र साधा नव्हता.

पोरीनं चंद्रपूरले पर्यावरणशास्त्रात एमेस्सी केली. खाणीतून निघालेल्या मातीचे जे डोंगर घुग्घुसच्या आजूबाजूले उभे आहेत ना, त्याच्यावर काय उगवते याच्यावर तिनं काम केलं. इंग्लंडच्या बाजूले वेल्स म्हणून मुलूख आहे, तिथीबी कोळशाच्या खाणी होत्या, तिथीबी असेच ढिगारे. तिथल्या एका विद्यापीठातल्या डॉक्टर हेलन प्राइस नावाच्या बाईनं हिची ऑनलाइन मुलाखत घेतली आन् कळवलं की पीएचडीची जागा तुलेच द्यायची आहे, स्कॉलरशिपसकट. येतेस का ते शुक्रवारपर्यंत सांग, आन् काही विचारायचं असेल तर विचार.

एवढंच. त्याचं उत्तर लिहाचं होतं. बापूरावभाऊ खाणीत डंपर चालवतात. त्यांच्या घरातून कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नाई. त्या एका उत्तरावर पोरीचं सगळं अडलं होतं.

आन् भाऊच्या संशयालेबी कारण होतं, ते मी लपवत नाई. त्याच जागेसाठी माझ्या भावाच्या पोट्ट्यानं, प्रवीणनं, अर्ज केला होता. दोघं एकाच वर्गातले. मुलाखत दोघांचीबी झाली. त्याले कळवलं होतं की तू दुसरा आहेस, पहिलीनं नाई म्हटलं तर तुले विचारू. म्हणजे संघप्रियाचा ईमेल बिघडला की जागा माझ्या भाच्याची. मीबी त्यांच्या जागी असती तर माझ्यासारख्या बाईच्या दारात पाय ठेवला नसता.

पण संघप्रिया आली. आन् तिनं लिहून आणलेलं वाचून मी डोक्याले हात लावला.

"माय! हे काय आहे, पोरी? हे तहसीलदाराले लिहिलं की प्रोफेसरले?"

दीड पानाचा मजकूर. सुरुवातीले बेग टू स्टेट. मग मी अमुक, मुक्काम पोस्ट घुग्घुस, अमक्याची मुलगी. मग 'टुडे मॉर्निंग ओन्ली आय गॉट युअर मेल.' आजच सकाळी मेल भेटला हे तिनं जसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं होतं. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. आन् मधात खरा घोळ. 'आय ॲम थिंकिंग टू टेक द सीट. आय हॅव मेनी डाउट्स अबाउट युअर प्रोजेक्ट. काइंडली क्लिअर द सेम.'

"हे वाच बरं मोठ्यानं," मी म्हटलं.

तिनं वाचलं. तिले त्याच्यात काही वावगं दिसलं नाई. कसं दिसंल? आपण सगळे असंच बोलतो. वर्गात पोट्टे हात वर करतात, 'मॅडम, डाउट आहे.' मी स्वतः विचारते, 'एनी डाउट्स?'

"आता इंग्रजी बाजूले ठेव," मी म्हटलं. "ती बाई समोर बसली आहे असं समज, आन् मराठीत सांग. तुले जायचं आहे का नाई?"

"जायचंच आहे ना बाई. मी घ्यायचं म्हणून राह्यली ना ती सीट."

"हेच ते. आपल्यात 'मी घ्यायचं म्हणतो' म्हणजे ठरलं. फक्त बोलण्यात जरा नरम. तू ते 'थिंकिंग' केलं. इंग्रजीत त्याचा अर्थ होते की अजून विचार चालू आहे, नक्की नाई. आन् डाउट? तुले त्यांच्या प्रोजेक्टवर भरोसा नाई काय?"

"नाई नाई, शंका आहे फक्त."

"शंका कोणती? काही विचारायचं आहे म्हणून, का त्यांचं काम खोटं वाटते म्हणून?"

"विचारायचं आहे! फील्डवर्क सगळं तिकडेच करायचं, का आपल्या ढिगाऱ्यांवर करू शकते, एवढंच."

"मग तो क्वेश्चन झाला. इंग्रजाच्या कानाले डाउट म्हणजे संशय. तू त्या बाईले कळवून राह्यली, की मले तुमच्या प्रोजेक्टचा लय संशय येते, तेवढा मिटवा."

पोरगी हसली. बापूरावभाऊ हसले नाई. ते माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले होते.

मग आम्ही नवं लिहिलं. मी लिहिलं नाई, तिनंच सांगितलं, मी फक्त विचारत गेली. ढिगाऱ्यांवर काम काऊन करायचं आहे तुले? ती म्हणली, बाबांच्या शर्टावर रोज घरी कोळशाची धूळ येते, मले पाहाचं आहे की तिच्यात काय उगवू शकते. मी म्हटलं, हेच लिही. असं पुस्तकात भेटत नाई. दीड पानाच्या आठ ओळी झाल्या. 'आय वुड बी डिलायटेड टू अक्सेप्ट द प्लेस,' म्हणजे जागा आनंदानं घेते. 'आय हॅव वन क्वेश्चन अबाउट द फील्डवर्क.' मग शर्टाची ओळ. आन् शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू', तुमच्यासंगं काम कराची वाट पाहून राह्यली. खाली नाव.

"एवढंच?" बापूरावभाऊ उठून उभे राह्यले. "माझ्या पोरीनं पान भरून लिवलं होतं. तुमी सगळं छाटून टाकलं. मान गेला, बापाचं नाव गेलं. राह्यलं काय, तर माझा मळका शर्ट!"

"बाबा, बाई बरोबर सांगून राह्यल्या," संघप्रिया म्हणली.

"मी काही बोलून राह्यलो काय?" ते म्हणले, आन् दाराकडे चालले.

मी पोरीले सांगितलं, आज पाठवू नको. ड्राफ्टमधी ठेव, उद्या पुन्हा एकदा मोठ्यानं वाच, जीभ कुठी अडखळली नाई तर पाठव. मी सगळ्याइले हेच सांगते. तिनं माझ्याच लॅपटॉपवर आपला मेल उघडला, ड्राफ्टमधी जुना होताच, त्याच्यासंगं नवा मजकूर ठेवला आन् गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवीण आला. वहिनीनं मिक्सरचं भांडं वापस पाठवलं होतं. "आत्या, एक फॉर्म प्रिंट करू का?" म्हणला आन् लॅपटॉपपाशी बसला. मी आत भाजी परतत होती. घडीभर बसला, काकडी खाल्ली आन् गेला. तेव्हा मले त्यात काहीच वाटलं नाई.

गुरुवारी सकाळी संघप्रिया दारात. डोळे सुजलेले.

"बाई, तुमी काय लिवलं होतं?"

बस, एवढंच म्हणली. पण ज्या सुरात म्हणली, तो सूर बापाचा होता. तिनं मोबाइल पुढे केला. डॉक्टर प्राइसचं उत्तर आलं होतं. एकदम सभ्य, आन् एकदम थंड. तुझ्या मनात आमच्या प्रोजेक्टबद्दल बरेच संशय आहेत आन् तू अजून विचार करतेस हे वाचून वाईट वाटलं. मोकळेपणानं सांगितलंस त्याबद्दल आभार. यायचं नसेल तर आम्ही समजून घेऊ. ठरल्याप्रमाणं शुक्रवारपर्यंत नक्की कळव, म्हणजे दुसऱ्या उमेदवारालाबी विचारता येईल.

दुसरा उमेदवार म्हणजे कोण, ते दोघीइलेबी माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाई. काऊन करू?

"डाउट?" मी म्हटलं. "अवं, डाउट तर आपण काढला होता! तूच काढला, माझ्यासमोर. तू पाठवला तो कोणता?"

"मी पाठवलाच नाई. मी काल डिपार्टमेंटले होती, आज पाठवणार होती. सकाळी उघडून पाह्यलं तर उत्तर येऊन पडलं."

सेंट उघडलं. बुधवारी दुपारी गेला होता. नवा नाई, तोच जुना, दीड पानाचा. बेग टू स्टेट, थिंकिंग टू टेक आन् मेनी डाउट्स सकट. नवा ड्राफ्टमधी तसाच पडलेला.

"तुमच्या लॅपटॉपवर माझा मेल उघडाच राह्यला होता, बाई," ती हळूच म्हणली. "लॉगआउट कराचं राहून गेलं."

आन् मग माझ्या डोक्यात जे आलं, ते आलं. बुधवारी दुपारी. प्रवीण. फॉर्म प्रिंट करतो म्हणला होता. प्रिंटरचा आवाज आला होता काय? आठवेच ना. भाजी परतत होती ना मी. हे पोट्टं घडीभर कायले बसलं होतं? त्याले माहीत होतं कोणता ईमेल चांगला आन् कोणता वाईट. त्याच्याइतकं कोणाले माहीत राहणार? अन् जागा कोणाले भेटणार? त्याले.

मी फोन लावला. पोरीच्या समोरच.

"प्रवीण, काल तू माझ्या लॅपटॉपवर काय केलं?"

"फॉर्म प्रिंट केला ना आत्या. काऊन?"

"आणखी काय केलं?"

"काही नाई."

"खरं सांग. संघप्रियाचा मेल उघडा होता. तू पाह्यला?"

तिकडून काही बोलणं नाई. त्या चूप राहण्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

"पाह्यला," तो म्हणला. "समोरच होता. बंद करून टाकला. आत्या, तू काय विचारून राह्यली मले?"

"मी विचारून राह्यली, की तू पाठवला काय तो जुना मेल?"

त्यानं फोन ठेवला. मी म्हटलं, पाहा, चोराच्या मनात चांदणं. संघप्रिया मात्र मान हलवून राह्यली होती. "तो असं नाई करणार, बाई," ती म्हणली. वर्गातला मित्र ना. मले तिचा राग आला, की तुझ्यासाठी मी माझ्या घरातल्या पोट्ट्याले धरून राह्यली आन् तू त्याचीच बाजू घेते!

तेवढ्यात फाटक वाजलं. बापूरावभाऊ. पहिल्या पाळीच्या मधातूनच आले होते, अंगात डंपरवाला शर्ट, डोळ्याच्या कडेले काळी रेघ. पोरगी रडत घरातून निघाली हे बायकोनं फोनवर सांगितलं असंल.

"काय झालं? नाई म्हणली ती मॅडम?"

"कोणी तरी जुना ईमेल पाठवून दिला, भाऊ," मी म्हटलं. "नवा नाई, तो जुना."

"कोणी तरी कायले? मीच पाठोला."

संघप्रिया उठून उभी झाली. "बाबा!"

"हौ. मी. काऊन, काय बिघडलं?" आवाज चढवूनच बोलले ते. "मोबाइलवाल्या श्रीहरीच्या दुकानात गेलो होतो. बाईनं काय लिवलं ते मले समजाले पाहिजे का नाई? तुझा मेल ओटीपीसाठी माझ्या फोनमधी असतेच. श्रीहरीनं फोन धरला, त्यातून मराठी करून वाचून दाखवलं. पहिलाच शब्द काय तर 'प्रिय'! माझी जवान पोरगी अनोळखी माणसाले प्रिय लिहिते?"

"ती बाई आहे, बाबा."

"बाई का असंना! आन् पुढे? 'तुझ्या ईमेलबद्दल धन्यवाद.' 'तुझ्यासोबत काम करण्यास उत्सुक.' तुझ्या! तुझ्यासोबत! एवढी मोठी मॅडम, आन् माझी पोरगी तिले तू-तू करून राह्यली. मी म्हटलं, झालं. बाईनं डाव साधला. मान काढून घेतला, की त्या मॅडमले राग यावा, आन् जागा त्यांच्या भाच्याले भेटावी. मी श्रीहरीले म्हटलं, माझ्या पोरीनं स्वतः लिवलेला पाठव. त्यात रिस्पेक्टेड तरी आहे."

हसावं का रडावं ते समजेना. श्रीहरीच्या फोननं इंग्रजीचा शब्दाले शब्द मराठी केला होता. पोरीनं मराठीचा शब्दाले शब्द इंग्रजी केला होता. मधात ती जागा लटकली होती.

पण राग आला तो आलाच. "भाऊ, तुम्ही मले येऊन विचारलं असतं तर?"

"तुमाले विचारलं तर तुमी तुमच्यासारखंच सांगसाल ना!" ते म्हणले. मग खुर्चीत बसले. आवाज उतरला. "बाई, माझ्या बापानं असाच कागद कोणाले तरी वाचाले देल्ला होता. इंग्रजीतला. वावराचा. वाचणारा म्हणला, मोजणीचा कागद आहे, सही करून टाक. बापाले सही येत होती, शिकला होता तेवढा. केली. मोजणी नव्हती ते. आज ज्या ढिगाऱ्यावर हे पोरगी झाडं शोधते ना, त्याच्या खाली आहे ते वावर. वाचणारा बी ओळखीचाच होता. माझा बाप त्याचा लय मान ठेवत होता."

संघप्रिया पाहतच राह्यली. तिले हे माहीत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. माझा राग गेला नाई, पण बसला खाली.

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. "उद्यापर्यंत टाइम आहे. बसा दोघं. एकेक शब्द मराठीत सांगीन. पटला तर ठेवू, नाई तर काढू. पाठवायचं बटण तुम्ही दाबा."

संघप्रियानं पहिलं लिहिलं ते असं, की 'आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड, काइंडली एक्सक्यूज माय मिस्टेक, आय बेग...'

"पुन्हा बेग!" मी ओरडली.

"सुटून गेलं, बाई."

"एक सॉरी पुरे. तीन सॉरी वाचले की माणसाले वाटते, खरंच काही तरी काळंबेरं आहे. काय झालं ते सरळ सांग. मराठीत."

तिनं लिहिलेलं पुसलं. मग म्हणली, "मी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ आमच्याकडे वेगळा होते. आमच्याकडे डाउट म्हणजे प्रश्न. मले तुमच्या प्रोजेक्टचा संशय नाई. मले एकच प्रश्न आहे."

"झालं. आता हेच इंग्रजीत."

'आय'म सॉरी फॉर द कन्फ्यूजन. इन द इंग्लिश वी स्पीक हिअर, अ डाउट इज जस्ट अ क्वेश्चन. आय हॅव नो डाउट्स अबाउट द प्रोजेक्ट ॲट ऑल, अँड आय वुड बी डिलायटेड टू अक्सेप्ट द प्लेस. आय डू हॅव वन क्वेश्चन.' मी तिले दाखवलं की 'डू' काऊन घातला. संशय नाई, पण प्रश्न मात्र आहे, हा जो 'मात्र' आहे ना आपला, तो तिथी 'डू'मधी जाऊन बसते. शब्द शोधला तर भेटत नाई, पण बोलणं शोधलं तर भेटते.

प्रत्येक ओळीचं मराठी बापूरावभाऊनं करून घेतलं. जिथी समजलं नाई तिथी दोनदा. 'डिअर' म्हणजे तिथी नुसता नमस्कार, मी सांगितलं. बँकवालेबी तुम्हाले डिअर कस्टमरच लिहितात, बँकेचं तुमच्यावर प्रेम आहे काय? त्यावर ते पहिल्यांदा हसले.

मग शेवटी बोट ठेवलं. "आन् हे 'यू'. हे तू का तुमी?"

"दोन्ही."

"म्हणजे?"

"इंग्रजीत एकच आहे, भाऊ. यू. लहान पोराले यू, प्रोफेसरले यू."

"मग मान कुठी आहे?"

"विचारण्यात. 'कॅन आय' नाई म्हटलं हिनं, 'वुड इट बी पॉसिबल' म्हटलं. जमंल काय, तुम्हाले चालंल काय, असं. मान तिथी आहे."

ते बोट तिथीच ठेवून बसले. "खाणीतल्या मोठ्या साहेबाले?"

"यू."

"आन् साहेब डंपरवाल्याले?"

"यू."

"एकच?"

"एकच."

"माय!" ते म्हणले. "आमच्या इथं तर साहेबाचं पोट्टंबी मले 'तू इधर आ' म्हणते." आन् मग त्यांनी पोरीकडे पाहून विचारलं, "तू जिथी जाशील तिथी सगळे हेच बोलतात?"

"हौ, बाबा."

"मग पाठव," ते म्हणले. शर्टाची ओळ तशीच होती. ती काढा म्हणून काही बोलले नाई. बटण मात्र स्वतः दाबलं, काळ्या बोटानं. लॅपटॉपवर आजबी त्याचा डाग आहे, मी पुसला नाई.

आता सांगते. त्या दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कॉलेजात एक तास घेतला तर पोट्ट्याइनं हात वर केला, 'मॅडम, डाउट', आन् मी खेकसली, 'क्वेश्चन म्हण, क्वेश्चन!' त्याइची काय चूक?

चार वाजले असतील. संघप्रियाचा फोन. आवाजावरूनच समजलं. प्राइसबाईनं लिहिलं होतं, 'व्हॉट अ रिलीफ!' म्हणजे जीव भांड्यात पडला. पुढे लिहिलं होतं, मले वाटलंच होतं, काही तरी चुकून राह्यलं, कारण मुलाखतीत तू अशी नव्हतीस. जागा तुझीच. ढिगाऱ्यांवरचं कामबी करता येईल, आन् तुझ्या बाबांना सांग, की त्यांच्या शर्टाची ओळ मी आमच्या टीमले वाचून दाखवली. खाली नुसतं 'हेलन'.

"बाबा विचारून राह्यले," संघप्रिया हसत-रडत म्हणली, "की ती बाई त्यांच्याबद्दल काय म्हणली, ते पुन्हा वाचून दाखवा."

तिनं तो मेल मले पाठवला, मी फोनवरच मराठीत वाचून दाखवला. मागून बापूरावभाऊचा आवाज आला, "बाई!" मग म्हणले, "तुमी या ना घरी. जेवाले. तुमीच." माफी काही मागितली नाई. मीबी वाट पाह्यली नाई. दोनदा 'तुमी' म्हटलं, त्यात सगळं आलं.

संध्याकाळी प्रवीण आला. वहिनीनं पाठवलं नव्हतं, हातात भांडं-बिंडं काही नव्हतं. ओट्यावर उभा राह्यला, आत आला नाई. मी म्हटलं, ये ना, चहा टाकते. तो म्हणला, नको.

"तिले भेटली जागा," तो म्हणला. "फोन केला तिनं मले. सगळं सांगितलं. बरं झालं."

"प्रवीण, अरे, मी त्या वेळी..."

"आत्या, तो मेल मी पाह्यला होता. दोन्ही पाह्यले. नवा भारी होता. मी म्हटलं, आता माझं काही होत नाई. आन् बंद करून टाकला." तो पायरी उतराले लागला, मग वळला. "लहानपणापासून तूच शिकवलं ना मले इंग्रजी. एक विचारू?"

"विचार ना."

"फोनवर तू मले जे विचारलं, ते आपल्यातली शंका होती, का त्याइच्यातला डाउट?"

सगळ्या गल्लीले शब्द शोधून देते मी. त्याले द्याले मले एक भेटला नाई.